एसटीपीच्या टाकीत येणारा आणि जाणारा पाइप शेजारी शेजारी: भिंत फोडावीच लागेल का?

मोरपीस_४०३ (मंगळवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी वाकडला, ८४ फ्लॅट, साधारण ३३० माणसं राहतात. बेसमेंटशेजारी सांडपाणी शुद्ध करणारा, ४५ हजार लिटर रोजच्या क्षमतेचा एसटीपी आहे, बिल्डरने हँडओव्हर करून सहा वर्षं झाली. मी यंदाच कमिटीत आले आणि हे खातं माझ्याकडे आलं कारण बाकी कोणी घेईना.

त्रास असा की रोज सकाळी ८ च्या सुमारास फ्लशला येणारं पाणी गढूळ, मातकट होतं आणि वास येतो. दुपारी परत बरं असतं. सँड फिल्टर दिवसातून दोनदा बॅकवॉश करावा लागतो. ऑपरेटर म्हणतो बॅक्टेरिया मेलेत, म्हणून दर महिन्याला कल्चरच्या पिशव्या आणतो. गेल्या रविवारी मी स्वतः झाकण उघडून टॉर्चने बघितलं तर एरेशन टाकीत मैला आणणारा पाइप आणि पुढच्या सेटलिंग टाकीत नेणारा पाइप दोन्ही एकाच भिंतीला, मध्ये जेमतेम दोन फुटांचं अंतर! मेंटेनन्सवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला हो हीच चूक आहे, समोरच्या भिंतीला नवीन भोक पाडून पाइप हलवूया, खर्च सव्वादोन लाख. टाकी रिकामी करावी लागेल ते वेगळंच.

माझा प्रश्न सरळ आहे, हा पाइपांच्या जागेचाच दोष आहे का आणि आरसीसीची भिंत न फोडता काही करता येतं का?

---

वऱ्हाडी_ठेचा (रात्री १०:०५)

ताई आमच्याकडे पण हेच होतं, कल्चर चांगल्या कंपनीचं घेतलं तर फरक पडला होता. शेण पण टाकतात काही लोक सुरुवातीला.

---

रत्नांग्रज (रात्री १०:२०)

इनलेट आउटलेटचा नियम साधा आहे हो. आउटलेट इनलेटपेक्षा दोन इंच खाली पाहिजे आणि दोन्हीला टी लावायचा, टीचं खालचं तोंड पाण्यात बुडलेलं पाहिजे. आमच्या घरची टाकी वडिलांनी बांधून घेतली तेव्हा गवंड्याने टी लावलाच नव्हता, वरची साय थेट शोषखड्ड्यात गेली आणि तीन वर्षांत शोषखड्डा बंद. नंतर टी लावला, खड्डा नवीन केला, त्याला आता चौदा वर्षं झाली. तुमच्याकडे टी आहे का ते बघा आधी.

---

नळकोंडाळं (रात्री ११:१०)

रत्नांग्रज, तुम्ही सांगताय ती सेप्टिक टँक. तिथे पाणी शांत उभं राहतं, गाळ खाली आणि साय वर बसते म्हणून टी लागतो. मोरपीसताईंची एरेशन टाकी म्हणजे खालून हवा सोडून सतत खदखदणारी टाकी. पण तुमचा टी मी लक्षात ठेवतोय, पुढच्या टाकीत उपयोगी पडेल.

ताई, मी बावीस वर्षं असले छोटे प्लँट चालू करून देण्याचं काम केलं, आता निवृत्त आहे. दोन पाइप शेजारी असणं चूकच आहे, आलेला मैला थोडातरी तसाच पुढे निसटतो. पण एरेशन टाकीत हवेने एवढं ढवळलं जातं की पाच-दहा मिनिटांत सगळं एकजीव होतं. त्यामुळे नुसत्या त्या दोषाने पाणी सकाळीच खराब आणि दुपारी चांगलं असं होणार नाही. जागेचा दोष असता तर दिवसभर थोडं थोडं खराब आलं असतं. तुमचा दोष घड्याळाप्रमाणे येतोय, म्हणजे तो पाण्याच्या वेगाचा आहे. बॅक्टेरिया काही सकाळी आठला मरून दुपारी जिवंत होत नाहीत.

भिंत फोडायचं थांबवा. आधी मला चार गोष्टी सांगा.
मैला उचलणारा पंप किती वेळ चालतो आणि कशावर चालतो, फ्लोटवर का टायमरवर?
इक्वलायझेशन टाकी, म्हणजे पहिली मोठी साठवण टाकी, आतून लांबी रुंदी किती?
सेटलिंग टाकी वरून किती बाय किती?
आणि त्या सेटलिंग टाकीत पाइप कुठे संपतो?

---

कोथरूडचा_बाबू (बुधवार, सकाळी ७:४०)

काका म्हणतायत ते बरोबर, पंप मोठा असणार. अर्धा एचपीचा छोटा पंप लावा, विषय संपला. पाच-सात हजारात काम होईल.

---

चिंचवडी (बुधवार, सकाळी ९:१५)

पाइपांवरून आठवलं, आमच्या सोसायटीत तर बिल्डरने असा पाइप ठेवला होता की इनलेट चेंबरमधून सगळा मैला थेट बाहेरच्या नाल्यात. व्हॉल्व्ह उघडला की प्लँटकडे थेंब जात नव्हता. दोन वर्षं आम्ही लाइटबिल भरत होतो आणि ब्लोअर नुसतं साधं पाणी ढवळत होता. आधी बायपास आहे का ते शोधा आणि सिमेंटने बंद करा. मला अजून राग आहे त्याचा.

---

मोरपीस_४०३ (बुधवार, रात्री १०:३०)

नळकोंडाळं काका, ऑफिसवरून आल्यावर मापं घेतली, टेप खाली सोडून, आत कोणी उतरलं नाही.

पंप फ्लोटवर आहे. टाकी भरली की सुरू, खाली गेली की बंद. ऑपरेटरच्या वहीत दिवसाला चार सव्वाचार तास चाललेला दिसतो. सकाळी साडेसहाला सुरू झाला की नऊ सव्वानऊपर्यंत जवळजवळ सलग.
साठवण टाकी ४ मीटर बाय ३ मीटर.
सेटलिंग टाकी वरून चौकोनी, १.८ बाय १.८ मीटर, खाली निमुळती.
त्यात एरेशनकडून येणारा पाइप भिंतीतून आत येतो आणि तिथेच संपतो. पाणी बाहेर नेणारी खाचांची पन्हळ त्या पाइपापासून हातभर अंतरावर आहे. टाकीवर मध्यभागी एक गंजलेला अँगल आडवा आहे, त्याला काहीच लटकलेलं नाही. ऑपरेटर म्हणाला पूर्वी त्याला पत्र्याचं गोल ड्रमसारखं काहीतरी होतं, गंजून पडलं म्हणून भंगारात दिलं.

---

नळकोंडाळं (बुधवार, रात्री ११:४५)

सापडलं. तो ड्रम म्हणजे त्या टाकीचा इनलेट होता, आणि तो भंगारात गेला!

आता एक मोजणी करा, फार सोपी आहे. रात्री दोन अडीचला येणारा मैला जवळपास शून्य असतो. तेव्हा ऑपरेटरला पंप हाताने सुरू करायला सांगा आणि साठवण टाकीत पाणी किती मिनिटांत किती सेंटिमीटर खाली गेलं ते टेपने बघा. दुसरं, एरेशन टाकीतलं पाणी एक लिटरच्या उभ्या काचेच्या मोजपात्रात भरा, हलवू नका, आणि गाळाची वरची कड पहिल्या पाच-सहा मिनिटांत किती सेंटिमीटर खाली जाते ते बघा. लोक अर्ध्या तासानंतरचा आकडाच लिहितात, मला सुरुवातीचा वेग पाहिजे.

बाबू, छोटा पंप लावू नका. तुमचा विचार बरोबर दिशेने आहे पण मैल्याचा पंप पाण्याच्या पंपासारखा छोटा मिळत नाही. केस, चिंध्या, वाइप्स गिळायचे तर आतून वाट मोठी लागते, आणि वाट मोठी म्हटली की पंप तासाला आठ दहा हजार लिटर फेकणारच. अर्धा एचपीचा साधा पंप आठवड्यात तीनदा जाम होईल. म्हणून पंप मोठाच घ्यायचा आणि त्याचं जास्तीचं पाणी परत साठवण टाकीत सोडायचं, त्याला बायपास लाइन म्हणतात.

---

चिंचवडी (गुरुवार, सकाळी ८:५०)

बायपास?? काका मी काल काय लिहिलं ते वाचलंत का. तोच तर चोरीचा मार्ग आहे.

---

नळकोंडाळं (गुरुवार, सकाळी ९:३०)

वाचलं हो, आणि तुमचा राग अगदी योग्य आहे. नाव एक, वस्तू दोन. तुमचा बायपास मैला प्लँटच्या बाहेर नेतो. मी म्हणतोय तो पंपाच्या तोंडाशीच आहे, मैला जिथून उचलला तिथेच परत पडतो, एक थेंब बाहेर जात नाही. उलट पडताना साठवण टाकी ढवळली जाते. वाटल्यास परतीची लाइन म्हणा.

---

मोरपीस_४०३ (शुक्रवार, पहाटे ३:०५)

केलं! १२ मिनिटांत टाकी १५ सेंटिमीटर खाली गेली. मोजपात्रात गाळाची कड पहिल्या ६ मिनिटांत १४ सेंटिमीटर खाली आली. अर्ध्या तासाने गाळ २०० मिलीच्या खुणेवर. आता झोपते, पण याचा अर्थ काय ते नक्की लिहा.

---

नळकोंडाळं (शुक्रवार, सकाळी ७:१५)

शाबास. बघा आता.

साठवण टाकी ४ बाय ३, म्हणजे १२ चौरस मीटर. १५ सेंटिमीटर म्हणजे १.८ घनमीटर पाणी १२ मिनिटांत गेलं, तासाला ९ घनमीटर, म्हणजे ९ हजार लिटर. ३३० माणसं, माणशी १३५ लिटर धरले आणि त्यातलं ८५ टक्के ड्रेनेजला आलं तर दिवसाला ३८ हजार लिटर होतात. ९ हजारने उचलले तर चार सव्वाचार तास, तुमच्या वहीशी तंतोतंत जुळतं.

सेटलिंग टाकीचं तोंड १.८ बाय १.८, म्हणजे ३.२४ चौरस मीटर. तासाला ९ घनमीटर पाणी आत ढकललं तर तेवढंच वर चढून पन्हळीतून बाहेर पडायला बघणार. चढण्याचा वेग ९ भागिले ३.२४, जवळपास तासाला २.८ मीटर. आणि तुमचा गाळ किती वेगाने बसतो? ६ मिनिटांत १४ सेंटिमीटर, म्हणजे तासाला १.४ मीटर.

पाणी २.८ ने वर चाललंय आणि गाळ १.४ ने खाली. गाळ जिंकणार कसा? पंप चालू असेपर्यंत तो वरच येत राहतो. पंप बंद झाला की बसतो, म्हणून दुपारी पाणी स्वच्छ. जो गाळ निसटतो तेच तुमचे बॅक्टेरिया आहेत, ते फिल्टरमध्ये अडकून बॅकवॉशने वाहून जातात. म्हणून मोजपात्रात २००च मिली. दर महिन्याला कल्चर विकत घ्यायचं आणि रोज सकाळी ते फ्लशमध्ये सोडायचं, असं चाललंय.

प्लँट ४५ हजारचा आहे. तेच पाणी २४ तास सारखं सोडलं तर तासाला १.९ घनमीटर, चढण्याचा वेग ०.६ मीटर. म्हणजे टाकी लहान नाहीये, आत सोडण्याची रीत चुकली आहे.

---

डॉ_अनुजा (शुक्रवार, सकाळी १०:००)

हे वाचून छान वाटलं पण एक कळकळीची विनंती. ड्रम लावायला, पाइप हलवायला कोणी ना कोणी "दोन मिनिटांत उतरून येतो" म्हणणार. उतरू देऊ नका. मी इमर्जन्सीत काम केलं आहे, अशा टाकीतून एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही येतात. सडक्या अंड्याचा वास येत नाही म्हणजे हवा चांगली असं समजू नका, तो वायू जास्त असला की आधी वास घेण्याची शक्तीच जाते. साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँक किंवा गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि जबाबदारी ज्याने उतरवलं त्याच्यावर येते.

---

नळकोंडाळं (शुक्रवार, सकाळी १०:४०)

डॉक्टरांचं म्हणणं शंभर टक्के. मी जे सांगणार आहे ते सगळं वरून, झाकणाच्या तोंडातून होतं. साठवण टाकीचं झाकण तर सर्वात वाईट, तिथे वाकूनही बघू नका पंखा लावल्याशिवाय.

---

सई_ठाणे (शुक्रवार, दुपारी २:२०)

आमच्या सोसायटीत परतीची लाइन वगैरे काही नाही. आम्ही टायमर लावला, पंप ३ मिनिटं चालू १२ मिनिटं बंद, रात्रंदिवस. फ्लोट फक्त कोरडा चालू नये म्हणून. दोन वर्षं झाली, पाणी चांगलं येतंय. खर्च टायमरचा फक्त. काका याला काय म्हणाल?

---

नळकोंडाळं (शुक्रवार, संध्याकाळी ६:३०)

सईताई, चालत असेल तर मी नाही कशाला म्हणू. पण कागदावर बघितलं तर त्या ३ मिनिटांत वेग तोच २.८ राहतो. वाचवणारी गोष्ट म्हणजे एरेशन टाकी. मोरपीसताईंच्या पंपाने ३ मिनिटांत साडेचारशे लिटर येतील, १२ चौरस मीटरची टाकी असेल तर पाणी पावणेचार सेंटिमीटर वर चढेल आणि मग पुढच्या पाइपातून हळूहळू ओसरेल. तो पाइप अरुंद असेल तर धक्का पसरतो, रुंद असेल तर तसाच पुढे जातो. तुमचा कदाचित चार इंची असेल आणि गाळही जड असेल. मला परतीची लाइन जास्त भरवशाची वाटते, एवढंच.

---

सई_ठाणे (शुक्रवार, संध्याकाळी ७:०५)

पाइप चार इंचीच आहे, बघून आले. पण मला अजूनही वाटतं आधी पंधराशेचा टायमर लावून बघायला काय हरकत आहे, नाही जमलं तर लाइन करा. प्रत्येक सोसायटीला प्लंबर लगेच मिळत नाही.

---

मोरपीस_४०३ (पुढच्या बुधवारी, रात्री ९:२०)

मंडळी गडबड झाली आहे. कमिटीने परतीच्या लाइनला मंजुरी दिली. प्लंबरने पंपाच्या पाइपाला टी टाकून एक फाटा साठवण टाकीत सोडला, दोन्हीकडे व्हॉल्व्ह. आणि तो म्हणाला एवढं करतोय तर एरेशनचा पाइप आतल्या आत लांबवून समोरच्या कोपऱ्यात नेतो, भिंत फोडायला नको. मला आवडलंच ते. त्याने तो वरून कड्या मारून नेला आणि टोक पाण्यात फूटभर बुडवलं, म्हणजे पाणी उडणार नाही आणि आवाज होणार नाही.

दोन दिवस पाणी सुंदर आलं. आज सकाळी बघते तर एरेशन टाकी एक फूट खाली आणि साठवण टाकीतलं पाणी तपकिरी, फेसाळ. ऑपरेटर म्हणतो टाकी लीक झाली. भिंतीला धक्का लागला असेल का ड्रिलचा? मला रात्रभर झोप येणार नाही.

---

नळकोंडाळं (बुधवार, रात्री ९:५५)

झोपा निवांत, टाकी लीक नाही. पाणी बरोबर फूटभरच उतरलं ना, आणि पाइपाचं टोकही फूटभरच बुडालेलं. पंप बंद झाल्यावर भरलेल्या पाइपातून पाणी उलटं वाहायला लागलं, रॉकेलच्या डब्यातून नळीने तेल काढतात तसं. एरेशनची पातळी वर, साठवणीची खाली, आणि मधे परतीचा फाटा उघडा. पंपाजवळ नॉनरिटर्न व्हॉल्व्ह असला तरी उपयोग नाही कारण फाटा त्याच्या पुढे आहे. टोक उघडं पडून हवा आत गेली तेव्हा थांबलं. साडेतीन हजार लिटर गाळाचं पाणी परत गेलं, वाया नाही गेलं, पंप ते परत आणेल.

उपाय: टोक पाण्याच्या वर अर्धा फूट ठेवा. पाणी उडतं म्हणून खाली नळी हवीच असेल तर वळणावर एल्बोऐवजी टी लावून त्याचं वरचं तोंड उघडं सोडा, तिथून हवा आत जाते आणि उलटा प्रवाह तुटतो. रत्नांग्रज, बघा तुमचा टी आला कामाला, काम मात्र वेगळं.

---

रत्नांग्रज (बुधवार, रात्री १०:१०)

आला की नाही शेवटी टी! बरं वाटलं.

---

कोथरूडचा_बाबू (गुरुवार, सकाळी ८:००)

एक शंका. पुढे १.९ च सोडायचं म्हणजे पुढचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंदच ठेवावा लागेल ना? मग त्या फटीत केस अडकणार नाहीत का? पंपातला कचरा तुम्ही व्हॉल्व्हमध्ये आणलात.

---

नळकोंडाळं (गुरुवार, सकाळी ९:२०)

बाबू, अगदी बरोबर पकडलंत, हीच या पद्धतीची दुखरी जागा. व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवला की दोन-तीन दिवसांत चिंधी अडकते, पुढे जाणारं पाणी कमी होतं, आणि साठवण टाकी भरून मागे इनलेट चेंबर तुंबतं. ऑपरेटर मग वैतागून तो पूर्ण उघडतो आणि पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून मी व्हॉल्व्हवर सोडत नाही. एरेशन टाकीच्या स्लॅबवर दीड बाय दोन फुटांची एक पेटी बसवतो, फायबरची किंवा जाड प्लास्टिकची. पंपाचं सगळं पाणी पेटीत पडतं. पेटीच्या एका बाजूला काटकोनी व्ही आकाराची खाच, तिथून पाणी एरेशन टाकीत. दुसऱ्या बाजूला लांब सरळ काठ, तो ओलांडून जास्तीचं पाणी चार इंची पाइपाने परत साठवणीत. खाचेत पाणी साडेचार सेंटिमीटर उंच वाहिलं की तासाला दोन हजार लिटरच्या थोडं वर जातं, तुम्हाला हवं तेवढंच. खाचेची पट्टी लांबट भोकांत बोल्टने बसवा म्हणजे वरखाली करून ती उंची साधता येते. एक लक्षात ठेवा, खाचेत उंची दुप्पट झाली तर पाणी दुप्पट नाही, साडेपाच पटीने वाढतं. सेंटिमीटरभराने खूप फरक पडतो. आणि काठ लांब ठेवायचं कारण हेच, पंप थोडा कमीजास्त फेकला तरी पेटीतली पातळी फारशी हलत नाही.

यात केस अडकले तर डोळ्यांना दिसतात, काठीने काढता येतात. आणि पेटी उघडी असल्याने कालचा उलटा प्रवाहही कायमचा गेला.

आता ड्रम. सेटलिंग टाकीत येणारं पाणी पन्हळीच्या शेजारीच पडतंय, ते खाली न जाता आडवं पळतं. पाइप मध्यापर्यंत वाढवा आणि त्याचं टोक एका उभ्या ड्रमच्या आत सोडा. ड्रम दोन्ही बाजूंनी उघडा, वरची कड पाण्याबाहेर वीतभर, खालची पाण्यात दोन-सव्वादोन फूट. पाणी ड्रममधून खाली उतरतं, मग चारी बाजूंनी संथ वर येतं. दोनशे लिटरचं निळं पिंप वरखालून कापलं तर तुमच्या मापाच्या टाकीला चालतं. पण प्लास्टिक तरंगतं, झुलतं, म्हणून नवीन अँगलला चार ठिकाणी स्टीलच्या बोल्टने आवळा. लोखंडाचा पत्रा परत नको.

---

वऱ्हाडी_ठेचा (गुरुवार, सकाळी ११:३०)

म्हणजे आम्ही पण इतके वर्ष कल्चर धुऊनच टाकत होतो का काय बाप्पा. आजच पंपाचे तास बघतो.

---

चिंचवडी (गुरुवार, दुपारी १:००)

अवांतर: आमच्याकडे पावसात उलटं होतं, शुद्ध पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो रस्त्यावरच्या चेंबरला जोडलाय आणि रस्त्याचं चेंबर भरलं की तिकडचं घाण पाणी आमच्या टाकीत. झडप बसवली पण तिच्यात कचरा अडकून उघडीच राहते. कोणाला उपाय माहीत आहे का?

---

नळकोंडाळं (गुरुवार, दुपारी ३:४५)

ओव्हरफ्लोची पातळी रस्त्याच्या झाकणापेक्षा वर नेता आली तरच खरा उपाय. टाकी बेसमेंटमध्ये असेल तर ओव्हरफ्लो नकोच, छोटा पंप लावून वरून सोडा, पाइपाला जमिनीच्या वर एक उंच वळसा देऊन. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

---

मोरपीस_४०३ (तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२:१५)

सगळ्यांना सांगायला आले. पेटी बसली, पिंप बसलं. एकूण खर्च ३१ हजार, भिंत तशीच आहे. कोणीही आत उतरलं नाही, अँगल वरून लाकडी फळीवर बसून दोरी बांधून बसवला, दोन पंखे लावून. पंप आता वीस तासांच्या आसपास चालतो, त्याचं बिल थोडं वाढलंय हे खरं, त्यावर एका सभासदांनी मीटिंगमध्ये बराच वेळ घेतला. पण बॅकवॉश दोन दिवसांतून एकदा आणि कल्चर या महिन्यात घेतलंच नाही. मोजपात्रात गाळ ३२० मिली झालाय. सकाळी आठचं पाणी मी बाटलीत भरून चेअरमनसाहेबांच्या टेबलावर ठेवलं.

एकच गोष्ट राहिली. सेटलिंग टाकीच्या पन्हळीला चारी बाजूंनी खाचा आहेत, पण पाणी फक्त दोन बाजूंच्या खाचांतून पडतं, तिकडेच बारीक कण दिसतात. उरलेल्या दोन बाजू कोरड्या. पट्टी तिरकी बसली आहे बहुतेक. गवंडी स्पिरिट लेव्हल घेऊन आला पण शेवाळ आणि गंजामुळे त्याला नीट टेकवता येईना.

---

नळकोंडाळं (रविवार, दुपारी १:००)

फार आनंद झाला ताई. गाळ ३२० झालाय, ४०० च्या आसपास गेला की रोज थोडा थोडा बाहेर काढायला लागा, नाहीतर तो बसायला वेळ लावेल आणि दुखणं दुसऱ्या दाराने परत येईल.

लेव्हल कशाला हवी, पाणी आहे ना. पंप बंद करा, अर्धा तास थांबा, गाळ परत नेणारी एअरलिफ्टही तेवढा वेळ बंद ठेवा. पाणी स्थिर झालं की त्याहून सरळ रेषा जगात नाही. मग प्रत्येक बाजूला खाचेच्या तळापासून पाण्यापर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा आणि खडूने तिथेच लिहा. जिथे अंतर जास्त ती बाजू तेवढे मिलिमीटर खाली घ्या. बोल्टची भोकं लांबट असतील तर तासाभराचं काम. एअरलिफ्ट परत सुरू करायला मात्र विसरू नका.

---

मोरपीस_४०३ (रविवार, संध्याकाळी ६:४०)

मोजलं काका. एका कोपऱ्याला ४ मिलिमीटर, समोरच्याला १९. बोल्ट गंजून घट्ट झालेत, उद्या तेल सोडून बघतो म्हणालाय ऑपरेटर.